ढगात शिरायचं की वळसा घालायचा? विमानाच्या नाकातलं रडार काय सांगतं

लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ विमान २१ मे २०२४ रोजी म्यानमारच्या आकाशात ३७,००० फुटांवर असताना अचानक जोरात हादरलं. सीटबेल्ट न बांधलेले प्रवासी छतावर आपटले, अनेक जण जखमी झाले आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार विमान त्या वेळी वाढत असलेल्या गडगडाटी ढगांच्या भागावरून जात असावं. अवघ्या ०.६ सेकंदात प्रवासी आधी आसनात दाबले गेले आणि लगेच आसनातून वर उचलले गेले.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो. विमानात रडार असतं, मग एवढा मोठा ढग दिसला कसा नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र रडारच्या पडद्यावर मिळत नाही. त्यासाठी आधी ढगाच्या पोटात डोकवावं लागतं.

ढग एवढा उंच चढतो कशाच्या जोरावर?

गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत दमट हवा, वरच्या थरांत पुरेसा गारवा, आणि खालची हवा वर ढकलणारं काहीतरी. तापलेली जमीन, डोंगराचा चढ किंवा समोरून घुसणारी थंड हवा, यांपैकी काहीही हा पहिला धक्का देऊ शकतं.

वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. ती कोरडी असेपर्यंत दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी गार होते. एवढ्या वेगाने गार होणारी हवा लवकरच आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड आणि जड होते, आणि तिचा वर जाण्याचा जोर संपतो. दमट हवेचं तसं होत नाही. एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं आणि वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे पंचवीस लाख ज्यूल ऊर्जा सुटते, आणि तेवढ्या ऊर्जेत शून्य अंशाचं सहा किलो पाणी उकळीला येईल. ही उष्णता मिळाल्यामुळे वर जाणारी हवा सावकाश गार होते, शेजारच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर जाते. वर गेली की आणखी वाफेचं पाणी, आणखी उष्णता, आणखी वेग.

म्हणजे ढग स्वतःच्या वाफेवर चालतो. सेकंदाला वीस मीटर वेगाने वर जाणारा झोत अशा ढगात नवलाचा नसतो, आणि तीव्र वादळांत वेग याच्या दुपटीच्याही पुढे जातो. वीस मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे चार हजार फूट. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

उष्ण कटिबंधात ही चढण सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत जाते. तिथे वरची हवा पुन्हा उबदार होऊ लागते आणि झोताला छत लागतं. वर जायला वाव नसल्यामुळे ढगाचा माथा आडवा पसरतो. त्या सपाट माथ्याला ऐरण म्हणतात, आणि अशा पूर्ण वाढलेल्या ढगाला क्यूम्युलोनिम्बस. वैमानिक एवढं लांबलचक नाव घेत नाहीत, ते नुसतं ‘सीबी’ म्हणतात.

पाऊस सुरू झाला की खरा धोका सुरू होतो

ढगात सुमारे पाच किलोमीटरवर तापमान शून्याखाली जातं, पण पाणी लगेच गोठत नाही. सूक्ष्म थेंब उणे तीस अंशांच्याही खाली द्रवरूपात राहू शकतात. असा थेंब बर्फाच्या कणावर आदळला की तिथेच गोठून चिकटतो. जोरदार झोत त्या कणाला वर तोलून धरतो, त्यावर थर चढत राहतात आणि त्याची गार होते. लहान हलके बर्फकण आणि जड मऊसर गोळे एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळा होतो. वीज तिथूनच येते.

शेवटी थेंब आणि गारा झोताला पेलवेनाशा होतात आणि खाली पडायला लागतात. पडताना त्या हवेला सोबत खेचतात. काही थेंबांची वाटेत वाफ होते, त्यामुळे ती हवा आणखी गार आणि जड होते. आता एकाच ढगात शेजारी शेजारी दोन झोत चालू असतात, एक जोरात वर आणि एक जोरात खाली. विमान काही सेकंदांत एकातून दुसऱ्यात जातं, आणि आतल्यांना जे जाणवतं ते टर्ब्युलन्स.

हे चित्र निव्वळ अंदाजाचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ आणि १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायो इथे ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ नावाचा प्रयोग झाला. त्यात पी-६१ जातीची लढाऊ विमानं वेगवेगळ्या उंचींवरून मुद्दाम वादळांतून नेली. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी त्या नोंदींवरून वादळाच्या एका पेशीच्या, म्हणजे स्वतःचे झोत असलेल्या एका सुट्या घटकाच्या, तीन अवस्था मांडल्या: नुसते वर जाणारे झोत, मग दोन्ही झोत एकत्र, आणि शेवटी नुसता खाली येणारा झोत व विरत जाणारा ढग. एका पेशीचं आयुष्य साधारण अर्धा ते एक तास. मात्र तिच्यातून खाली आपटलेली गार हवा जमिनीवर पसरते, शेजारची दमट हवा उचलते आणि नवी पेशी जन्माला घालते. म्हणूनच वादळांची रांग तासन् तास टिकते.

रडारला ढग दिसतच नाही

विमानाच्या नाकाच्या टोपीखाली एक चपटी अँटेना असते. ती डावी-उजवीकडे फिरत सुमारे तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकते. किती वेळात परत आला त्यावरून अंतर कळतं, आणि किती जोरात आला त्यावरून रंग ठरतो. हलक्या पावसाला हिरवा, मध्यम पावसाला पिवळा, जोरदार पावसाला लाल. किरमिजी रंग टर्ब्युलन्ससाठी राखलेला असतो.

प्रतिध्वनीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी चौसष्टपट. ढगातल्या सूक्ष्म थेंबाचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग धरा आणि पावसाच्या थेंबाचा दोन मिलिमीटर. व्यासात शंभरपट फरक, म्हणून प्रतिध्वनीत एकावर बारा शून्यं एवढा फरक. नुसता ढग रडारच्या लेखी नसल्यातच जमा असतो. कोरड्या बर्फाचा प्रतिध्वनीही तेवढ्याच पाण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका.

आता मघाच्या ढगावर हे बसवून पाहा. ढगाचा खालचा अर्धा भाग पाण्याने भरलेला, तो पडद्यावर लाल दिसणार. शून्य अंशाच्या रेषेच्या आसपास वितळू लागलेला, पाण्याचा लेप चढलेला बर्फ तर फारच ठळक. पण वरचा अर्धा भाग, जिथून प्रवासी विमानं जातात, तो कोरड्या बर्फकणांचा. झोत तिथेही तितकाच जोरदार असू शकतो, मात्र पडद्यावर फिकट हिरवा, कधी काहीच नाही. धोका एकीकडे आणि रंग दुसरीकडे, अशी ही अडचण आहे.

ऐंशी मैलांवरचा एक ढग

रडारची शलाका अंधारात धरलेल्या विजेरीच्या झोतासारखी असते, जवळ बारीक आणि दूर जाईल तशी रुंद. मोठ्या प्रवासी विमानात तिचा कोन साधारण साडेतीन अंश असतो. वैमानिकांचा सोपा हिशेब असा की एका अंशाला, एका नॉटिकल मैलाला, शंभर फूट. नॉटिकल मैल म्हणजे १.८५ किलोमीटर.

विमान ३७,००० फुटांवर आहे, वेग मिनिटाला आठ मैल. समोर ऐंशी मैलांवर एक सीबी आहे आणि शून्य अंशाची रेषा १६,००० फुटांवर. अँटेना नाकाच्या रेषेत सरळ ठेवली तर ऐंशी मैलांवर शलाका २८,००० फूट जाड झालेली असते. ती २३,००० फुटांपासून ५१,००० फुटांपर्यंतचा भाग पाहते, म्हणजे फक्त गोठलेला भाग. पडद्यावर हलकं हिरवं काहीतरी उमटतं आणि नवख्याला वाटतं, किरकोळ पाऊस आहे.

आता अँटेना दोन अंश खाली झुकवा. या झुकावाला टिल्ट म्हणतात. शलाकेचा मध्य १६,००० फूट खाली येतो आणि ती ७,००० ते ३५,००० फुटांचा पट्टा पाहू लागते. त्यात ढगाचा पाण्याने भरलेला गाभा येतो आणि तोच ठिपका लाल होतो.

पाच मिनिटांनी अंतर चाळीस मैलांवर आलं. टिल्ट तसाच उणे दोन. शलाका आता निम्मी जाड आणि निम्मीच खाली गेलेली, २२,००० ते ३६,००० फूट. गाभा तिच्या खाली सुटला. पडद्यावर लालाचा पिवळा होतो, पिवळ्याचा हिरवा होतो. वादळ जवळ येताना विरतंय असं वाटतं, पण वादळ जसंच्या तसं आहे, आपली नजर त्याच्या डोक्यावरून गेलेली आहे. टिल्ट उणे चार केला की पट्टा १४,००० ते २८,००० फुटांचा होतो आणि लाल रंग परत येतो.

वादळ जवळ येताना अचानक निवळलं तर आधी टिल्टवर संशय घ्यायचा, हे प्रशिक्षणात घोकून घेतलं जातं. नव्या विमानांतली रडारं आपणहून वेगवेगळ्या टिल्टवर पाहतात, जमिनीचे प्रतिध्वनी वजा करतात आणि एकत्र चित्र देतात. काम सोपं झालं हे खरं, पण प्रतिध्वनी पाण्याचाच असतो हे त्यांनाही बदलता आलेलं नाही.

वीस मैल लांबून कशाला?

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला आहे की तीव्र वादळापासून किमान वीस मैल दूर राहावं. लोकांना हे अंतर अवास्तव वाटतं. पण गारा फक्त ढगाखालीच पडतात असं नाही. वरचा झोत त्यांना ऐरणीच्या टोकाकडून बाहेर भिरकावू शकतो आणि त्या ढगापासून काही मैलांवर स्वच्छ हवेत पडतात. म्हणून वळसा शक्यतो वाऱ्याच्या उगमाच्या बाजूने घालतात. ऐरण वाऱ्याबरोबर पलीकडे लांबलेली असते, तिच्या सावलीतून जायचं नाही.

वळसा महाग पडत असेल, ही दुसरी शंका. मार्गापासून वीस मैल बाजूला जायचं आहे असं धरू. ऐंशी मैल आधी वळलं तर कोन होतो फक्त चौदा अंश. जाताना अडीच आणि परत मार्गावर येताना अडीच, असे मिळून पाच मैल जास्त, म्हणजे मिनिटभरही नाही. प्रवाशाला हे वळण जाणवतही नाही. वीस मैलांवर येईपर्यंत थांबलं तर पंचेचाळीस अंशांनी वळावं लागतं, आणि तोवर विमान नको त्या भागात पोचलेलं असतं. लवकर वळणं स्वस्त असतं, म्हणून वैमानिक रडारचा पडदा दूरच्या अंतरावर लावून मार्ग ठरवतात आणि जवळच्या अंतरावर लावून तो तपासतात.

मग वरून का जात नाहीत?

प्रवासी विमानांची कमाल उंची चाळीस-त्रेचाळीस हजार फुटांच्या आसपास असते. उष्ण कटिबंधातला मोठा सीबी पन्नास हजार फुटांच्याही वर जातो. म्हणजे मोठ्या ढगाच्या बाबतीत हा पर्यायच नाही.

लहान ढगावरून जाता येईल, पण तो लहान राहील याची खात्री कोण देणार? मघाचा चार हजार फुटांचा आकडा इथे लागतो. माथा ३०,००० फुटांवर आणि विमान ३७,००० फुटांवर असेल, तर मधलं अंतर दोन मिनिटांत मिटू शकतं. त्यात वाढत्या ढगाची पहिली अवस्था फसवी असते. झोत जोरात असतो, मोठे थेंब मात्र अजून तयार झालेले नसतात, त्यामुळे रडारवर फारसं काही नसतं. वाढत्या ढगावरून जाणं वैमानिकांना नकोसं वाटतं ते यामुळे.

टर्ब्युलन्स दाखवणारा किरमिजी रंगही इथे अपुरा पडतो. हलत्या थेंबांच्या वेगातला फरक मोजून तो ठरतो, सुमारे चाळीस मैलांपर्यंत. थेंब नसतील तर मोजायला काही नसतं. निरभ्र हवेतला टर्ब्युलन्स या रडारला दिसत नाही.

दोन लाल ठिपक्यांमधली काळी वाट

सगळ्यांत घातक फसगत मात्र वेगळीच आहे. तीन सेंटिमीटरच्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. पुढचा पाऊस इतका जबर असू शकतो की लहर पलीकडे पोचतच नाही. पडद्यावर पलीकडचा भाग काळा दिसतो. काळा रंग म्हणजे ‘तिथे काही नाही’ असा अर्थ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की तिथून काही परत आलं नाही.

४ एप्रिल १९७७ रोजी सदर्न एअरवेजचं फ्लाइट २४२, एक डीसी-९ विमान, अलाबामातल्या हंट्सव्हिलहून अटलांटाला निघालं होतं. वाटेत तीव्र वादळांची रांग होती. वैमानिक रडारवर वाट शोधत होते आणि पडद्यावरच्या मोकळ्या जागेकडे गेले. ती जागा मोकळी नव्हती. विमान प्रचंड पाऊस आणि गारांत सापडलं, समोरची काच फुटली आणि दोन्ही इंजिनांनी एवढं पाणी आणि गारा गिळल्या की त्यांचे कॉम्प्रेसर निकामी झाले. वैमानिकांनी न्यू होप गावाजवळ रस्त्यावर विमान उतरवण्याचा प्रयत्न केला. जमिनीवरच्या लोकांसह ७२ जण गेले.

अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने वादळांच्या पट्ट्यातून वाट काढण्यासाठी कॅप्टनने विमानातल्या रडारवर विसंबणं हे कारणांपैकी एक मानलं. ताज्या हवामानाची माहिती कॉकपिटपर्यंत न पोचल्याबद्दल कंपनीच्या, उड्डाणांची आखणी करणाऱ्या डिस्पॅच विभागावर आणि हवाई नियंत्रण व्यवस्थेच्या मर्यादांवरही बोट ठेवलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळा दोष एका माणसाच्या माथी मारला असता तर तपास तिथेच संपला असता.

ही काळी सावली ओळखायची एक जुनी युक्ती आजही शिकवतात. टिल्ट आणखी खाली करायचा, जमिनीचे प्रतिध्वनी पडद्यावर येईपर्यंत. लाल ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना जमीन दिसते आणि बरोब्बर त्याच्या पाठीमागे दिसत नसेल, तर लहर तिथवर पोचत नाहीये. त्या दिशेला जायचं नाही. ठिपक्याची पलीकडची कड आत वळलेली असेल तरी तोच संशय. हिरवा, पिवळा, लाल हे पट्टे एकमेकांना अगदी खेटून असतील किंवा कडेला बोटांसारखे फाटे फुटलेले असतील, तर गारांची शक्यता धरतात. काही नवी रडारं लहर कुठे अडली ते पडद्यावर स्वतःच खुणेने दाखवतात.

जमिनीवरची रडारं आणि उपग्रह असताना हे कशाला?

ती माहिती वापरतात, उड्डाणाआधी मार्ग आखताना तर हमखास. जमिनीवरच्या बऱ्याच रडारांची तरंगलांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यांना जोरदार पाऊस सहसा आंधळं करत नाही. पण महासागरावर ती नसतात. उपग्रहाचं चित्र कॉकपिटपर्यंत येताना काही मिनिटं जुनं झालेलं असतं, आणि काही मिनिटांत ढग किती वाढतो ते आपण पाहिलंच. पुढच्या शंभर मैलांत आत्ता काय आहे याचं उत्तर नाकातली अँटेनाच देते.

वळायचं ठरलं तरी वैमानिक मनाने वळत नाही. तो नियंत्रकाला सांगतो की हवामानामुळे मार्गापासून डावीकडे वीस मैल हवेत, आणि परवानगी मिळाली की वळतो. महासागरावर वेळेत परवानगी मिळालीच नाही तर त्यासाठीही आंतरराष्ट्रीय नियम आहे. शेजारच्या मार्गांवर त्याच उंचीवर दुसरी विमानं असू शकतात. म्हणून मार्गापासून पाच मैल किंवा जास्त दूर जाताना, प्रवासाची दिशा आणि वळणाची बाजू पाहून, विमान तीनशे फूट वर किंवा खाली नेतात, बाहेरचे दिवे लावतात आणि आसपासच्या विमानांना रेडिओवरून आपली जागा सांगत वळसा पूर्ण करतात.